शाळेतल्या दंत आरोग्य दिनाचं भाषण: साखर किती यापेक्षा किती वेळा

पहिलंच भाषण असेल तर 'गोड खाऊ नका'ने सुरुवात करू नका. साताऱ्यात कंदी पेढ्यावर बंदी कोण ऐकणार? त्याऐवजी पाच पेढे टेबलावर मांडा आणि हिशेब करून दाखवा.

गोड खाल्लं की दातांवरच्या किटणातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. लाळेला ते निवळायला साधारण अर्धा तास लागतो. पाचही पेढे जेवणानंतर एकदम खाल्ले तर आम्लाचा मारा साधारण अर्धा तास. तेच तासातासाने एकेक खाल्ले तर अडीच तास. साखर तेवढीच, पण दाताला सावरायला उसंत मिळत नाही. डब्यातले बेदाणेही यात धरा. ते खाचांत चिकटून बसतात. मधल्या वेळी शेंगदाणे, काकडी चालेल.

ब्रशचं प्रात्यक्षिक मोठ्या जबड्याच्या मॉडेलवर करा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, दोन मिनिटं, रात्री झोपताना तर नक्कीच. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून. नंतर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. मुलं नेमकी इथेच चुकतात.

तपासणीबद्दल बोलताना पालकांकडे बघून बोला. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते, पण कुठलाही दात न पडता आल्यामुळे ती दुधाचीच समजली जाते. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर दुखायची वाट पाहू नका. त्या टप्प्यावर कीड थांबवता येते. खड्डा पडला की तो भरावाच लागतो.