‘काम सुरू करा, पीओ मागून येईल’ म्हणणाऱ्या क्लायंटला काय सांगायचं?

प्रश्न: माझं इलेक्ट्रिकल पॅनेलचं छोटं वर्कशॉप आहे, वागळे इस्टेटला. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीचे मेंटेनन्सवाले साहेब म्हणतात, ‘कोटेशन ओके आहे, माणसं पाठवा, पीओ दोन दिवसांत येईल.’ नवा क्लायंट आहे. पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ, आधी मागितला तर विश्वास नाही असं वाटेल का?

उत्तर: मागा. आणि मागताना आपल्या पैशांचं रडगाणं लावू नका, त्यांच्या सोयीचं बोला. साहेब खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच काम उरकायचं असतं, पण कंपनीच्या वतीने खर्च मंजूर करायचा अधिकार बहुतेक वेळा त्यांच्याकडे नसतो. तो पर्चेसकडे असतो, तोही ठरावीक रकमेपर्यंत.

माझ्या ओळखीच्या एका पॅनेलवाल्याचं उदाहरण देतो. पंपांच्या पॅनेलमधले दोन ड्राइव्ह बदलायचे होते. कोटेशन 2,40,000 अधिक जीएसटी. तोंडी होकारावर काम सुरू झालं. मध्येच साहेब म्हणाले, ‘केबल जुनी आहे, तीही बदला, आणि एक बायपास स्टार्टर टाका.’ बिल गेलं 2,95,000 चं, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 53,100. अकाउंट्सने परत पाठवलं. त्यांच्या सिस्टीममध्ये पीओ, काम झाल्याची नोंद आणि बिल असे तीन कागद जुळले तरच पेमेंट पुढे सरकतं, आणि इथे पहिलाच कागद नव्हता. तोवर साहेबांची बदली झालेली. पर्चेसने नव्याने भाव पाडायला घेतला. माल तर बसलेला, उचलून आणणार कसा? शेवटी पीओ आला 2,16,000 चा, वाढीव कामाचा त्यात उल्लेखच नाही. जीएसटी मात्र बिलाच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये भरून झाला होता, मग फरकाची क्रेडिट नोट काढा, ती पुढच्या रिटर्नमध्ये दाखवा, हा वेगळा ताप.

कंपनीचंही भलं झालं नाही. दोन महिन्यांनी एक ड्राइव्ह ट्रिप व्हायला लागला. वॉरंटी कधीपासून, किती, पॅरामीटर सेटिंग कोणाच्या जबाबदारीवर, हे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय पीओची तारीख बिलाच्या नंतरची, त्यावर ऑडिटरने बोट ठेवलं आणि पर्चेसवाल्याला लेखी खुलासा द्यावा लागला. हे तुमच्या साहेबांना सांगा, लगेच पटेल. ऑडिटला सगळेच दबकून असतात.

निरोप असा टाका: ‘साहेब, माणसं सोमवारी तयार आहेत. पीओ नंबर मिळाला की गेटपास आणि बिल दोन्ही त्याच नंबरावर टाकतो, म्हणजे तुमच्याकडे अकाउंट्सला अडायला नको. वॉरंटीही पीओवर आली की तुम्हालाच बरं.’ याला कोणी अविश्वास म्हणणार नाही.

पीओ आला की नुसता नंबर बघून फाइल करू नका. कोटेशन शेजारी ठेवून वाचा. कामाची व्याप्ती तीच आहे का, दर जीएसटीसकट धरलाय की वगळून, बिल कंपनीच्या कोणत्या जीएसटी नंबरावर फाडायचं, उशीर झाल्यास दंड आहे का, पैसे कधी. काही वेगळं दिसलं तर काम सुरू करण्याआधी मेल टाकून सुधारित पीओ मागा. गप्प राहून काम केलंत तर त्यांच्या अटी तुम्ही मान्य केल्या असंच धरलं जाईल.

पेमेंटच्या अटीबद्दल थोडं जास्त सांगतो. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि उद्योग सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर एमएसएमईडी कायदा, 2006 प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही. त्यामुळे पीओवर ‘90 दिवस’ छापलेलं असलं तरी घाबरू नका. लेखी करार नसेल तर मुदत उलट कमी, 15 दिवसच. यावरून कोणी म्हणेल की मग पीओ नसलेलाच बरा! पण हे दिवस मोजायचे माल किंवा काम स्वीकारल्यापासून, आणि कागदच नसेल तर काय ठरलं होतं आणि कोणी, कधी स्वीकारलं हे दाखवणार कशावरून? तोंडी करार हाही करारच असतो, फक्त तो सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते.

कधीकधी प्लांट खरंच बंद पडलेला असतो, तेव्हा पीओसाठी अडून बसणं बरं दिसत नाही. अशा वेळी पर्चेसच्या कंपनी मेल आयडीवरून दोन ओळी घ्या: कोटेशन नंबर, जास्तीत जास्त रक्कम आणि पीओ कोणत्या तारखेपर्यंत देणार. व्हॉट्सॲपवरचा अंगठा यात धरू नका. त्या रकमेइतकंच काम करा. वाढीव केबल निघाली तर तिथेच थांबून वेगळं कोटेशन द्या आणि पीओत दुरुस्ती करून घ्या. साहेब साइटवर उभे राहून ‘करून टाका हो’ म्हणाले, तरी.