खाऱ्या हवेतली पहिली तीन घड्याळं

“सर, माझं बजेट १२ हजार आहे. शाळा, रविवारी समुद्रात पोहणं आणि लग्नकार्य, या तिन्हींसाठी घड्याळं हवीत. चार-चार हजारांची तीन घेऊ का?” – एक शिक्षक, रत्नागिरी

समान वाटणी नको. जे घड्याळ सगळ्यात जास्त वेळ हातावर राहणार आणि खाऱ्या पाण्यातही उतरणार, त्यावर निम्मे पैसे घाला. म्हणजे ६ हजारांत एक साधं, सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ: स्टीलची केस, पाणी सोसण्याचं १०० मीटरचं रेटिंग, जमलं तर २०० मीटरचं, आणि शक्यतो फिरवून घट्ट होणारी चावी. डायल स्वच्छ आणि आकडे ठळक असले की तेच शाळेतही शोभतं. पोहायला क्रोनोग्राफ, म्हणजे काट्यांचं स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, घेऊ नका. बाजूची दोन बटणं म्हणजे पाणी शिरायला आणखी दोन वाटा, आणि पाण्याखाली चुकून एखादं बटण दाबलं जातंच.

समारंभाच्या घड्याळाला साडेतीन हजार पुरतात. पातळ, दोन किंवा तीन काट्यांचं, ३६ ते ३८ मिलिमीटरचं, चामडी पट्ट्याचं. केस मात्र पूर्ण स्टीलची आहे का ते विचारा. नुसता मागचा झाकणाचा भाग स्टीलचा आणि बाकी पितळेवर मुलामा असला, तर आपल्याकडच्या घामाने आणि खाऱ्या हवेने मुलामा पहिल्यांदा मनगटाला टेकणाऱ्या कडांवरून जातो. सोनेरी घड्याळाच्या बाबतीत मी तर सरळ नको म्हणेन.

तिसरं, दीड हजारांच्या आतलं डिजिटल. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून मिळतंय. वजन जेमतेम २१ ग्रॅम, गजर आणि स्टॉपवॉच आहे, सेल सुमारे सात वर्षं टिकतो. मैदानावर मुलांच्या शर्यती मोजायला आणि जुलैत दुचाकीवरून जायला हेच हातात असू द्या. मात्र पोहायला ते नाही.

एक हजार उरले. ते पट्ट्यांचे. पहिल्या दोन घड्याळांच्या पट्ट्याची रुंदी सारखी निवडा, समजा २० मिलिमीटर. मग समुद्रासाठी एक रबरी आणि शाळेसाठी एक नायलॉनचा पट्टा घेतला की आलटून-पालटून दोन्हींना चालतो. पावसाळ्यात चामडी पट्टा काढूनच ठेवा. आषाढात तो ओला झाला तर आठवड्यात बुरशी धरतो, आणि एकदा वास बसला की जात नाही.

पट्टा धरून ठेवणाऱ्या बारीक पिनांकडे कुणी बघत नाही, आणि इथे घड्याळं जास्त करून तिथेच हरवतात. खारं पाणी पिनेच्या भोकात सुकतं, आतली स्प्रिंग गंजते आणि एखाद्या लाटेत पिन तुटते. माझ्या टेबलावर एक गृहस्थ नुसता पट्टा घेऊन आले होते, घड्याळ समुद्रात. म्हणून समुद्रातून आल्यावर चावी बंद आहे याची खात्री करून घड्याळ पाच मिनिटं गोड्या पाण्यात ठेवा, पिनांच्या आणि मागच्या झाकणाच्या कडेने जुन्या टूथब्रशने घासा, पुसा. पोहणाऱ्या घड्याळाच्या पिना वर्षातून एकदा बदलून घ्या. घड्याळापुढे त्यांची किंमत काहीच नाही.

ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ, घ्यायची इच्छा अनेकांना असते. तुम्ही तीन घड्याळं आलटून-पालटून वापरणार. ऑटोमॅटिक हातातून काढलं की साधारण ४० तासांत थांबतं, दर वेळी वेळ लावायला चावी ओढावी लागते आणि काही वर्षांनी मशीन साफ करून तेल द्यावं लागतं. १२ हजारांच्या पहिल्या संग्रहात मी ते घेणार नाही.

“घड्याळावर ३० मीटर लिहिलंय. नुसत्या पावसात भिजलं, तरी काचेच्या आतून धुकं आलं. फसवलं का मला?” – मालवण

फसवणूक नाही, पण त्या आकड्याचा अर्थ दुकानदाराने सांगायला हवा होता. ३० मीटर म्हणजे नव्या घड्याळाने स्थिर पाण्यात तेवढ्या खोलीचा दाब सोसला. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे, एवढाच. ५० मीटरला थोडं भिजणं चालतं, पोहायचं असेल तर १०० पासून पुढे.

शिवाय पाणी अडवते ती झाकणाखालची आणि चावीतली रबरी रिंग. ती काही वर्षांत चपटी आणि कडक होते. सेल बदलताना झाकण उघडून तसंच दाबून बसवलं, तर १०० मीटरचं घड्याळही ३० चं समजा. सेल बदलताना रिंग तपासून सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा, आणि पोहण्याचं घड्याळ असेल तर दाबाची चाचणी करणारं मशीन आहे तिथेच द्या.

आता तुमचं धुकं. भर पावसाळ्यात झाकण उघडलं असेल तर दमट हवाच आत कोंडली जाते आणि काच गार झाली की तिच्यावर जमते. घरी बघायचं असेल तर घड्याळ हातावर ठेवून कोमट होऊ द्या, काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. आत डाग उमटून पटकन गेला तर थोडा दमटपणा आहे, सवडीने उघडून घ्या. डाग राहिला किंवा थेंब दिसले तर पाणी शिरलंय. आणि समुद्राचं पाणी शिरलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. मीठ सर्किट आणि स्क्रू लगेच गंजवायला लागतं. तांदळात पुरून किंवा उन्हात ठेवून ते मीठ बाहेर येत नाही.

“समारंभासाठी जुनं एचएमटी ‘जनता’ ऑनलाइन १,८०० ला मिळतंय. डायल अगदी नवी कोरी दिसते. घेऊ?” – चिपळूण

ती कोरी डायलच मला खटकते. एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला आणि एचएमटी वॉचेस २०१६ मध्ये बंद झाली. इतक्या वर्षांनंतर डायल चकचकीत असेल तर ती बहुधा नव्याने रंगवलेली असते. भिंगातून अक्षरं पाहा: कडा जाड किंवा पसरलेल्या, मिनिटांच्या रेषा असमान, काटे डायलच्या मानाने आखूड किंवा वेगळ्याच रंगाचे. विक्रेत्याकडे झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. चावीच्या दांड्याजवळ तांबूस गंज दिसला किंवा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

मशीन चांगलं निघालं तर घ्या, मनापासून सांगतो. रोज सकाळी चावी द्यायची सवय मला तरी फार आवडते. पण पाण्यापासून त्याला काहीच संरक्षण नाही असं धरून चाला. दिवाळीपासून मेपर्यंतच्या लग्नांना घाला, जूनपासून डब्यात. आणि घरात आजोबांचं एखादं पडलेलं असेल तर आधी ते उघडून बघा. त्याचा इतिहास तरी तुम्हाला माहीत असेल.

“न वापरलेली घड्याळं कपाटात कशी ठेवू?” – अलिबाग

घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या ओलावा घेऊन भरल्या की बदला. लोखंडी कपाटात नुसती ठेवू नका. क्वार्ट्झ घड्याळ थांबलं असेल तर मेलेला सेल आधी काढून घ्या, कारण तो आत गळला की सर्किट खातो. नुसतं चार महिने बाजूला ठेवायचं असेल तर चावी ओढून काटे थांबवता येतात, पण ओढलेल्या चावीतून दमट हवा आत जाते. पावसाळ्यात ते करू नका, चालू राहू द्या.