साफसफाईची रात्र कॅलेंडरमधून निसटली, तर बुकिंग रद्द करता येतं का?

प्रश्न : माझं एक घर मी सुट्टीसाठी येणाऱ्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देते. ते दोन साइटवर आहे आणि दोन्ही कॅलेंडर एकमेकांना जोडलेली आहेत. किमान ३ रात्री राहणं आणि दोन पाहुण्यांमध्ये साफसफाईसाठी १ रात्र मोकळी, हा नियम मी पहिल्या साइटवर लावला आहे. तिथले पाहुणे १४ तारखेला सकाळी ११ वाजता निघतील. दुसऱ्या साइटवर एकांनी १४ ते १६ अशा २ रात्री घेतल्या, त्याही शेवटच्या क्षणीच्या ३० टक्के सवलतीत. बुकिंग आपोआप कन्फर्म झालं. नियम दाखवून मी ते रद्द करू शकते का? निदान पूर्ण दर तरी मागू शकते का?

उत्तर : रद्द करू नका, आणि दरही वाढवून मागू नका. दोन्ही बाबतींत तुमची बाजू कमकुवत आहे.

करारात काय आहे, हे तुमच्या मनातल्या किंवा दुसऱ्या साइटवरच्या नियमावरून ठरत नाही. पाहुण्यांनी बटण दाबलं तेव्हा त्यांच्यासमोर काय होतं, यावरून ते ठरतं. त्यांना १४ तारीख मोकळी दिसली, २ रात्री घेता आल्या, एक रक्कम दिसली आणि ती त्यांनी भरली. आपोआप कन्फर्म होण्याची सोय तुम्ही स्वतः चालू ठेवली होती, त्यामुळे तुमची संमती त्याच क्षणी मिळाली. घराच्या वर्णनात कुठे ‘किमान ३ रात्री’ असं लिहिलेलं असेल, तरी फारसा उपयोग नाही. मजकूर एक सांगतो आणि यंत्रणा दुसरंच करू देते, अशा वेळी संदिग्ध अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व बहुतेक न्यायव्यवस्थांमध्ये आहे.

‘चूक झाली’ हा बचाव कायद्यात आहे, पण त्याचं दार अरुंद आहे. २००४ मध्ये सिंगापूरच्या न्यायालयात एक खटला गाजला. ३,८५४ डॉलरचा प्रिंटर एका साइटवर चुकून ६६ डॉलरला लागला आणि काही जणांनी रात्रीतून शेकड्यांनी मागवला. तो सौदा न्यायालयाने टिकू दिला नाही, कारण किंमत चुकीची आहे हे खरेदीदारांना कळलेलं होतं. समोरच्याला चूक माहीत असणं, किंवा ती दिसत असूनही त्याने डोळे मिटून घेणं, हाच या बचावाचा कणा आहे. तुमच्या दरातून एक शून्य गळालं असतं, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. पण शेवटच्या क्षणीची ३० टक्के सवलत ही या व्यवसायातली रोजची गोष्ट आहे. ती पाहून कुणाला संशय येणार नाही, आणि तुम्हाला मधली एक रात्र हवी होती हे तर पाहुण्यांना दिसण्याचा मार्गच नव्हता.

तरीही रद्द केलंत, तर हिशेब असा होईल. तुमचा नेहमीचा दर रात्रीला १०० धरा. पाहुण्यांनी ७० प्रमाणे १४० भरले. आता त्यांना तशाच दर्जाचं घर ११० ने मिळालं, तर २ रात्रींचे २२० होतील. तुम्हाला १४० परत करावे लागतील आणि वरचे ८० नुकसानभरपाई म्हणून द्यावे लागू शकतात. पाहुण्यांनीही नुकसान आटोक्यात ठेवायला हवं, त्यामुळे राजेशाही हॉटेलचं बिल ते तुमच्यावर लादू शकत नाहीत. साइटचा दंड मात्र वेगळा.

एक अपवाद सांगून ठेवते. किमान मुक्कामाचा नियम तुमचा नसून स्थानिक कायद्याचा असेल, तर गणित बदलतं. न्यूयॉर्क शहरात, उदाहरणार्थ, निवासी इमारतीतलं घर ३० दिवसांपेक्षा कमी काळासाठी दिल्यास यजमान तिथेच राहत असावा लागतो. असं बंधन मोडणारं बुकिंग पाळायला लावता येईलच असं नाही. तुमच्या पत्रावरून तरी तुमचा नियम सोयीचा दिसतो.

आता १४ तारखेचं बघू. ११ ला पाहुणे गेले आणि चेक-इन ३ ला असलं, तर तुमच्या हातात ४ तास आहेत. पहिल्या पाहुण्यांना लवकर बाहेर काढू नका, त्यांचा करारही तितकाच पक्का आहे. साफसफाईला एकाऐवजी दोन माणसं बोलवा. चादरी-टॉवेल धुऊन वाळायला लागणारा वेळ मात्र माणसं वाढवून कमी होत नाही, म्हणून दुसरा संच तयार ठेवा. तेवढ्यानेही जमत नसेल, तर साइटच्या संदेशातूनच नव्या पाहुण्यांना विचारा : संध्याकाळी ५ ला आलात तर चालेल का, त्याबदल्यात मी अमुक रक्कम परत करते. चेक-इनची वेळ ही अट आहे आणि ती तुम्ही एकट्या बदलू शकत नाही. स्पष्ट ‘हो’ लेखी आलं, तरच ती बदलली. नाही म्हणाले तर ३ ला दार उघडायचं. साफसफाईचं वेगळं शुल्कही बुकिंगनंतर जोडता येणार नाही.

हे घडलं कसं, ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा घडेल. जोडलेली कॅलेंडर सहसा iCal फाइलमधून बोलतात, आणि त्या फाइलमध्ये मुक्काम असा दिसतो :

```
DTSTART;VALUE=DATE:20260310
DTEND;VALUE=DATE:20260314
```

इथे शेवटची तारीख धरली जात नाही. १३ ची रात्र भरलेली, १४ पासून घर मोकळं, असाच याचा अर्थ. भाडेकरूंची अदलाबदल त्याच दिवशी व्हावी म्हणून ते बरोबरच आहे. पण दर, किमान रात्री, सवलत यांतलं काहीही या नोंदीतून दुसऱ्या साइटवर जात नाही. साफसफाईची रात्रही तिथे पोहोचेलच असं नाही. तिकडे नियम लावलेला नसेल, तर तिकडची मूळ मांडणीच चालते.

म्हणून ३ रात्री आणि १ रात्रीचं अंतर हे दोन्ही नियम प्रत्येक साइटवर वेगवेगळे लावा, आणि मग पाहुणा म्हणून उघडून १४ तारीख खरंच बंद दिसते का ते बघा. फाइल दुसरीकडे वाचली जायला काही तास लागू शकतात, म्हणून किमान एका दिवसाची पूर्वसूचना मागा. या नियमांची किंमतही मोजा : दोन बुकिंगांच्या मध्ये ४ रात्री रिकाम्या असतील, तर दोन्ही टोकांची एकेक रात्र जाऊन २ उरतात आणि किमान ३ मुळे त्या विकल्याच जात नाहीत. अशा फटीसाठी सूट द्यायची असेल, तर ती ठरवून द्या. शेवटच्या क्षणीच्या सवलतीला खालची मर्यादा घाला.

‘साफसफाईला वेळ नसेल तर यजमान बुकिंग रद्द करू शकतो’ अशी अट टाकण्याचा मोह होईल. व्यवसाय म्हणून घर देणाऱ्याने ग्राहकावर लादलेली अशी एकतर्फी अट अनेक देशांत टिकत नाही. युरोपीय संघाच्या १९९३ च्या निर्देशात, तीच मुभा ग्राहकाला न देता व्यावसायिकाला मर्जीनुसार करार संपवू देणारी अट अन्याय्य ठरू शकणाऱ्या अटींच्या यादीत आहे. तेव्हा अट लिहिण्याऐवजी कॅलेंडर दुरुस्त करा, आणि दुरुस्तीचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.