बाक आणि सपाटी वेगळी ओळख

४० टक्के कथिल, ६० टक्के शिसं हे तुझं वितळलेलं मिश्रण थंड होतानाच्या तापमान-वेळ आलेखात २४० अंश सेल्सिअसच्या आसपास आलेला बाक म्हणजे गोठणं संपलं असं नाही, ते सुरू झालं. शिसंबहुल स्फटिक उष्णता सोडतात, म्हणून उतार मंदावतो. उरलेल्या द्रवात कथिलाचं प्रमाण वाढत सुमारे ६२ टक्क्यांवर पोचलं की १८३ अंशांना शिसंबहुल आणि कथिलबहुल असे दोन्ही घन एकत्र सुटतात. खरी सपाटी तिथे.

नवखे इथे चुकतात:

- सपाटी दिसली की शुद्ध धातू समजतात. आधी तापमान बघ: शुद्ध शिसं ३२७ला थांबतं, कथिल २३२ला.
- सपाटीआधीच्या खड्ड्याचा तळ वाचतात. तो अतिशीतनाचा, म्हणजे गोठणबिंदूखाली जाऊनही द्रव क्षणभर न गोठण्याचा असतो; नंतरची सपाटी वाच.