घर्षण २५ न्यूटन आलं असेल तर आधी नॉर्मल बघ

प्रश्न: ३७ अंशाचा उतार, ५ किलोचा ठोकळा, म्यू ०.५, g १० घ्यायचा. माझं घर्षण २५ न्यूटन आणि प्रवेग १ येतो, मित्राचं घर्षण २० आणि प्रवेग २. दोघांच्या स्टेप्स मला तरी बरोबरच दिसतायत. चूक कुणाची, आणि असलं उत्तर स्वतःचं स्वतः तपासायचं कसं?

उत्तर:

मित्राचं बरोबर आहे. (वयाने लहान असशील असं धरून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.) हा २५ चा आकडा बघितला आणि लगेच जुनं दुखणं आठवलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. फ्री बॉडी डायग्राम, घटक पाडणं वगैरे तुला येतं असं धरतो, कारण उताराच्या दिशेचे ३० न्यूटन तू बरोबर काढलेत, नाहीतर प्रवेग १ आलाच नसता.

गडबड एवढीच आहे की घर्षण काढताना म्यूला तू ५० ने गुणलंस, म्हणजे अख्ख्या वजनाने. ठोकळा पृष्ठभागात रुतत नाही आणि पृष्ठभागावरून उडतही नाही, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात प्रवेग शून्य, आणि त्या दिशेला वजनाचा फक्त ४० न्यूटनचा घटक आहे. पृष्ठभाग तेवढंच परत ढकलणार, जास्त कशाला ढकलेल? म्हणून नॉर्मल ४०, घर्षण २०, उरले १०, भागिले ५, प्रवेग २.

आता खरी गोम. ही चूक डोळ्याला खुपत नाही. प्रवेग १ हा काही वेडगळ आकडा नाही, g पेक्षा कमी आहे, दिशा बरोबर आहे, युनिट बरोबर आहे. त्यात आणखी वाईट म्हणजे कधीकधी चुकीचा नॉर्मल घेऊनही उत्तर शंभर टक्के बरोबर येतं. याच गणितात म्यू ०.८ करून बघ. खरं जास्तीत जास्त घर्षण ३२, तुझ्या पद्धतीने ४०, आणि खाली ओढणारं बल ३०. दोन्हीकडे ठोकळा जागचा हलत नाही, आणि न हललेल्या ठोकळ्यावरचं घर्षण लागेल तेवढंच असतं, म्हणजे ३०. उत्तर जुळलं, मार्क मिळाले, आणि चूक तशीच पुढच्या गणितात गेली. मला वाटतं ही सवय इतकी टिकते ती यामुळेच, मुलं ढ असतात म्हणून नाही.

आणि म्यू ०.६ ते ०.७५ च्या मधे असेल तर नुसता आकडा नाही, निकालच उलटा होतो. मला सगळ्यात महाग पडलेली केस इथलीच. मी शिकवतो, माझ्याकडच्या एका मुलीला एका परीक्षेत हाच उतार आला होता, म्यू ०.६५, ठोकळा घसरेल का ते सांगा (स्थितिक आणि गतिज म्यू सारखाच धरायचा होता). तिने लिहिलं घसरेल, घर्षण जास्तीत जास्त २६, ओढ ३०, प्रवेग ०.८. उत्तरपत्रिकेत शून्य. कारण मॉडेल आन्सरमधे घर्षण μmg धरून ३२.५ काढलं होतं आणि खाली ठळक लिहिलं होतं की ठोकळा स्थिर राहील.

आक्षेप घेतला. त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही, पण तिथे आक्षेप वाचणारा माणूस आणि भौतिकशास्त्र कळणारा माणूस हे दोन वेगळे होते, आणि दुसऱ्यापर्यंत आमचा कागद बहुतेक पोचलाच नाही. पानभर डेरिव्हेशन जोडलं होतं. उत्तर आलं, "तपासणी मॉडेल आन्सरनुसार योग्य आहे". परत पाठवलं, परत तेच वाक्य, खाली सही सुद्धा तीच. फोनवर तर मला सांगण्यात आलं की सूत्र पुस्तकात आहे. अहो आहे ना, सपाट जमिनीच्या चित्राखाली आहे! शेवटी मार्क मिळाले नाहीत ते नाहीतच, आणि बरोबर लिहिणाऱ्या पोरीला पुढचे कित्येक महिने प्रत्येक उतारावर शंका यायला लागली, त्याचा राग मला मार्कांपेक्षा जास्त आहे. असो.

त्यातून माझं एक ठाम मत झालंय (पटलं नाही तर सोडून दे): अशा वादात सूत्रासमोर सूत्र ठेवून उपयोग नाही, कारण ज्याला कळत नाही त्याला दोन्ही सारखीच दिसतात. टोकाची केस ठेवायची. स्वतःचं उत्तर तपासायलाही हीच पहिली कसोटी वापर. प्रवेगाचं उत्तर आकडे न घालता लिही. बरोबर असेल तर ते असं दिसतं:

a = g(sinθ − μ cosθ)

आणि नॉर्मलच्या जागी वजन घातलं असेल तर असं:

a = g(sinθ − μ)

आता θ ९० अंश कर. उतार आता उभी भिंत झाला, ठोकळा भिंतीला नुसता चिकटून सोडलाय, कुणी दाबत नाहीये. तो सरळ खाली पडला पाहिजे, प्रवेग g. पहिलं सूत्र तेच देतं. दुसरं म्हणतं g(1 − μ), म्हणजे म्यू ०.५ असेल तर ठोकळा निम्म्या प्रवेगाने पडेल, आणि म्यू १ पेक्षा जास्त असेल (असे पृष्ठभाग असतात, रबर घे) तर न दाबता भिंतीवर तसाच लटकून राहील. हे ऐकल्यावर सूत्र न कळणारा माणूसही थांबतो. फक्त शून्य अंश घालून तपासू नकोस, तिथे कोसाइन १ असतो आणि दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात, तिथे चूक सापडणं शक्यच नाही.

दुसरी कसोटी ऊर्जेची, मला हीच जास्त आवडते. तुझा उतार ३-४-५ चा त्रिकोण आहे, तर उताराची लांबी ५ मीटर, उंची ३, पाया ४ असं चित्र काढ. घर्षणाने खाल्लेली ऊर्जा म्हणजे घर्षण गुणिले उताराची लांबी, पण लांबी गुणिले कोसाइन म्हणजे पायाच की. म्हणून ती ऊर्जा μmg गुणिले पाया एवढीच येते. इथे ०.५ गुणिले ५० गुणिले ४, म्हणजे १०० ज्यूल. वरून मिळाले १५० ज्यूल, तळाला उरले ५०, त्यावरून वेगाचा वर्ग २०. मित्राच्या प्रवेग २ वरून काढलास तरी २ गुणिले २ गुणिले ५, वीसच. तुझ्या प्रवेग १ वरून मात्र १० येतात, म्हणजे तुझ्या हिशोबात २५ ज्यूल कुठेतरी गायब झालेत.

याच्यापुढे जाऊन बघ. खाली सपाट जमीन जोड, म्यू तोच, सांधा गुळगुळीत धरायचा (धक्का बसून ऊर्जा जाते ती सोडून दे). ठोकळा जमिनीवर अजून २ मीटर जाऊन थांबतो, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून आडवं अंतर एकूण ६ मीटर. आणि ६ म्हणजे काय, तर उंची भागिले म्यू, ३ भागिले ०.५. कोन कुठेच लागला नाही! त्यामुळे ही तपासणी तोंडी होते. तुझ्या आकड्यांनी ते ५ मीटर येतं, लगेच पकडला जातोस. खरं सांगायचं तर ही पूर्णपणे स्वतंत्र कसोटी नाही, तिच्याही पोटात mg cosθ आहेच, पण घाईत राहून गेलेला कोसाइन ती नेमका दाखवते. आणि म्यू ०.६५ ची भानगड पण यात एका ओळीत सुटते: उंची ३, म्यू गुणिले पाया २.६, उंची जास्त, म्हणून घसरणार. एवढं एक वाक्य आक्षेपात वर लिहिलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे, बहुतेक तेच उत्तर आलं असतं म्हणा.

प्रॅक्टिकलमधे मात्र फसगत वेगळी होते. कोन १० अंश असेल तर कोसाइन ०.९८५, म्हणजे नॉर्मलमधे दीड टक्क्याचा फरक, फळीच्या खडबडीतपणातच तो बुडून जातो आणि चुकीचं सूत्र "प्रयोगाने सिद्ध" होतं. फळी हळूहळू उचलून ठोकळा कधी निसटतो ते बघायचा प्रयोग असेल तर म्यू म्हणजे त्या कोनाचा टॅन. वजन धरणाऱ्याला तिथे साइन मिळतो. समजा ३० अंशाला निसटला, तर खरं ०.५८ च्या आसपास, आणि चुकीच्या पद्धतीने नेमकं ०.५. इतका गोल आकडा दिसला की सगळ्यांना तोच बरोबर वाटतो, सर्वात जास्त मोह इथेच होतो.

आता एक सावधगिरी, कारण हे सगळं वाचून तू वहीत "उतार म्हणजे N = mg cosθ" असं चौकटीत लिहिशील ही भीती आहे. तसं करू नकोस. तोच ठोकळा, तोच उतार, पण त्याला कुणी उताराकडे आडवं २० न्यूटनने ढकलतंय असं घे. त्या बलाचा १२ न्यूटनचा घटक ठोकळ्याला उतारावर दाबतो, म्हणून नॉर्मल ४० अधिक १२, ५२. वजनापेक्षाही जास्त! उरलेला १६ चा घटक वर ढकलतो, खाली ओढ राहते १४, आणि म्यू ०.५ ने घर्षण २६ पर्यंत जाऊ शकतं, म्हणजे ठोकळा थांबलेला आणि घर्षण १४, २६ नव्हे. वळणावरच्या कललेल्या रस्त्याला घर्षण नाही असं धरलं तर तिथे नॉर्मल mg/cosθ येतो, कारण गाडीचा प्रवेग आडवा असतो, रस्त्याच्या काटकोनात शून्य नसतो. कोसाइन पाठ करणारे तिथे हमखास आपटतात.

म्हणून मी माझ्याकडच्या मुलांना एकच सक्ती करतो: घर्षणाची ओळ लिहायच्या आधी पृष्ठभागाच्या काटकोनातल्या बलांचं समीकरण वेगळ्या ओळीत लिहायचं, कितीही सोपं गणित असलं तरी. त्यात नॉर्मल शेवटी निघतो, सुरुवातीला धरायचा नसतो. तुझ्या वहीत ती ओळ नसणार असं वाटतंय, मित्राच्या असेल.

आता म्यू ०.७ घेऊन दोघांनी वेगवेगळं सोडवा आणि इथे टाका, जमल्यास आकृतीसकट. रात्री बघतो.