केसोकेशी, देशोदेशी, आणि अर्धी ओळ परत का म्हणतात

प्रश्न: "आजीच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून ओव्या टाइप करतेय. त्यात आहे: सीतेला सासुरवास, केला केसोकेशी / वाटून तिनं दिला, सयांना देशोदेशी. 'केसोकेशी' म्हणजे केस धरून मारहाण का? आणि आजी दरवेळी अर्धी ओळ परत म्हणते, मध्येच 'बाई', 'ग' घालते, ते सगळं लिहायचं की गाळायचं?"

मारहाण नाही. पण तुम्हाला तसं का वाटलं ते कळतं, कारण संस्कृतात 'केशाकेशि' असा शब्द आहेच आणि त्याचा अर्थ खरंच एकमेकांचे केस ओढून केलेलं भांडण असा होतो, आपल्याकडे झिंज्या उपटणं म्हणतात ना, तेच. गंमत फक्त मधल्या स्वराची आहे. मराठीत शब्द दोनदा आला आणि मध्ये 'आ' असला, शेवटी 'ई' असली, की बहुतेक वेळा दोघांनी एकमेकांना काहीतरी केलेलं असतं: मारामारी, गुद्दागुद्दी, ढकलाढकली, झोंबाझोंबी. मध्ये 'ओ' आला की मात्र वाटप होतं, म्हणजे एकेक करून सगळीकडे: घरोघरी, दारोदारी, गावोगावी, क्षणोक्षणी, पदोपदी. (हातोहात, मागोमाग असे शब्द या चौकटीत बसत नाहीत ते मला माहीत आहे, पण त्यांच्या शेवटी 'ई' पण नाही.) तर केसोकेशी म्हणजे एकेका केसागणिक. डोक्यावर जेवढे केस तेवढा सासुरवास, मोजायला बसलं तर संपणार नाही एवढा.

रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक 'केसोकेसी' आणि 'देसोदेसी' ऐकू येत असेल. तसं असेल तर तसंच लिहा, प्लीज 'शुद्ध' करू नका, कारण स-श काहीही असला तरी यमक जुळतं पण आवाज आजीचा राहत नाही.

आता खरी मजा. केसोकेशीला यमक म्हणून देशोदेशी आलंय, आणि हे दोन्ही शब्द एकाच साच्यातले आहेत, दोन्ही वाटप करणारे. पहिल्या ओळीत एका बाईच्या डोक्यावरचा केस न् केस मोजलाय आणि दुसऱ्या ओळीत देश न् देश. (देश म्हणजे इथे मुलूख बरं का, लेकी जिथे जिथे देऊन टाकल्या ते मुलूख.) म्हणजे एकीच्या अंगावर जे इतकं होतं की एकटीला पेलणार नाही, ते व्याकरणाच्या त्याच साच्यातून सगळ्या बायकांपर्यंत पोचवलं. सीतेनं आपला सासुरवास सयांना वाटून दिला, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला थोडा थोडा आला, असा तो हिशोब. आणि गाणारी कुठेही 'मी' म्हणत नाही ते बघा. ती सीतेबद्दल सांगते आणि 'सयां'बद्दल सांगते, पण दळायला बसलेली बाई त्या सयांमधलीच एक आहे, त्यामुळे तिचा स्वतःचा सासुरवास न सांगताच सांगून होतो. सासू पलीकडच्या खोलीत जागी असेल तरी काय बोलणार, सीतेचं गाणं चाललंय!

'वाटून' या शब्दात मला वाटणीबरोबर वाटणही ऐकू येतं. पण जात्यावर दळतात आणि पाट्यावर वाटतात, त्यामुळे हे माझं जास्तीचं ऐकणं असू शकेल, त्यावर फार भर देऊ नका.

राहिला अर्धी ओळ परत म्हणण्याचा प्रश्न. कागदावर ओवी दोन ओळींची दिसते. गाताना ती साधारण अशी होते (चाल गावागावात बदलते, ही फक्त एक तऱ्हा):

सीतेला सासुरवास बाई, केला केसोकेशी
केला केसोकेशी ग सये, सीतेला सासुरवास
सीतेला सासुरवास बाई, वाटून तिनं दिला
वाटून तिनं दिला ग, सयांना देशोदेशी

हे मी लहानपणी मावशीकडे बघितलंय. दोघी समोरासमोर, एकच खुंटा दोघींच्या हातात, एक पाय पसरलेला. मावशी ओळ सुरू करायची आणि मध्येच डाव्या हाताने वैरण घालायची (जनावराची नव्हे, जात्याच्या तोंडात टाकतात त्या मूठभर धान्यालाही वैरणच म्हणतात). वैरण घालताना तिचा आवाज थोडा पडायचा आणि नेमकं तेव्हाच समोरची 'केला केसोकेशी' उचलायची. म्हणजे समोरचीला ओवी आधी पाठ असायची गरज नाही, नुकतंच कानावर पडलेलं अर्ध तिला परत म्हणायचंय, आणि तेवढ्या वेळात मावशीला पुढची ओळ आठवायला किंवा चक्क नवी जुळवायला सवड मिळते. 'बाई', 'ग', 'सये' हे तर दोन कामं करतात, चालीत कमी पडलेली जागा भरतात आणि समोर कुणीतरी ऐकतंय हे पण सांगतात. त्यामुळे त्यांना नुसती भरती म्हणून उडवणं मला पटत नाही.

ओवीचा जुना उल्लेख 12व्या शतकातल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात आहे, महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात असा, पण तिथे काम दळणाचं नाही, कांडणाचं आहे. कांडणात मुसळं आळीपाळीने पडतात, एक खाली तर दुसरं वर, आणि जातं सलग फिरतं. दोन्हीकडे ओळ एकीकडून दुसरीकडे जायला जागा लागतेच, ती परत म्हटलेल्या अर्ध्यात मिळते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा करवल्या, त्यातली सीतेची ओवी पानावर दोन ओळींत वाचली आणि नंतर तीच कुणाच्या गळ्यातून ऐकली की फरक लगेच कळतो. छापील रूपात सीता-सया असा सरळ प्रवास आहे. गाताना मात्र 'सीतेला सासुरवास' दुसऱ्या ओळीच्या डोक्यावर परत येऊन बसतो, त्यामुळे वाटून झाल्यावर सुद्धा तो सीतेकडून गेलेला नाही असं वाटत राहतं. वाटल्याने कमी झाला की नुसता पसरला, हे ओवी ठरवत नाही. माझं मत पसरला, पण मावशीचं बरोबर उलटं होतं.

तर लिहिताना दोन रकाने करा. एकात दोन ओळींची ओवी, शोधायला-जुळवायला सोपी जाते. दुसऱ्यात एकदा तरी जसं गायलंय तसं पूर्ण, बाई-ग-सये सकट, आणि पुढच्या ओव्यांना 'वरच्यासारखंच' लिहिलं तरी चालेल जोपर्यंत आजी तऱ्हा बदलत नाही. बदलली की तिथे परत पूर्ण लिहा, आणि दळण थांबल्याचा किंवा वैरणीचा आवाज येत असेल तर तोही कंसात टाका. अजून एक, तुम्ही 'आजी परत म्हणते' असं लिहिलंय पण हेडफोन लावून 'केला केसोकेशी'ची दुसरी खेप नीट ऐका, जुन्या टेपवर दोन बायकांचे आवाज एकसारखेच वाटतात आणि तो दुसरा आवाज आजीचा नसण्याची बरीच शक्यता आहे.