आयटीत नुसते टॉवेल मोजले, मग एमटीच्या अर्जात लिहू काय?

"मॅडम, माझं हॉटेल मॅनेजमेंट यावर्षी पूर्ण झालं, एका मोठ्या चेनच्या मॅनेजमेंट ट्रेनी प्रोग्रॅमला अर्ज करायचाय. सोबत लेटर मागितलंय आणि त्यात इंटर्नशिपवर भर द्या असं सगळे सांगतात. पण खरं सांगू का, आम्हाला तिथे फक्त राबवून घेतलं. बेड लावले, कटलरी पुसली, कांदे चिरले. यात मॅनेजमेंटसारखं काय आहे जे मी लिहू?"

हा प्रश्न माझ्याकडे दर सीझनला येतो, फक्त कांद्याच्या जागी कधी बटाटे असतात. आधी एक गोष्ट समजून घे, तुझं लेटर वाचणारा माणूस स्वतः त्याच वाटेने वर आलेला असतो. पहिली चाळणी एचआर किंवा ट्रेनिंग डिपार्टमेंट लावतं, पण पुढे पॅनेलवर एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर असते, एफ अँड बी मॅनेजर असतो, शेफ असतात. इंडस्ट्रियल ट्रेनिंगवाल्या पोराला काय काम देतात हे त्यांना पाठ आहे (हॉटेलवाले याला नुसतं आयटी म्हणतात, कॉम्प्युटरवाली नव्हे), त्यामुळे 'चारही कोअर डिपार्टमेंटमध्ये काम केलं, बेड मेकिंग शिकले, टेबल सेटअप शिकले' हे वाचून त्यांना नवीन काहीच कळत नाही, तो तर सिलॅबस आहे, सगळ्यांचाच.

त्यांना बघायचं असतं वेगळंच. ऑपरेशन्स ट्रेनी घेतात तो काम करायला, आणि एमटी घेतात तो पुढे वर्ष-दीड वर्षात काम करून घेणारा बनवायला, म्हणजे प्रोग्रॅम संपल्यावर तू सुपरवायझर किंवा असिस्टंट मॅनेजरच्या खुर्चीत बसणार. मग तुला बेड लावता येतो का हा प्रश्नच नाही. बेड लावताना आजूबाजूला काय बिघडतंय ते तुला दिसतं का, हा प्रश्न आहे.

मागे माझ्याकडे एक मुलगी आली होती, नाव नको, तिच्या परवानगीने बाकीचं सांगते. आयटी गोव्यातल्या एका बीच रिसॉर्टमध्ये, आणि चार डिपार्टमेंटपैकी सगळ्यात जास्त दिवस हाउसकीपिंगमध्ये काढलेले. अर्ज हाउसकीपिंगच्याच एमटीला. लेटर घेऊन आली ते दोन पानी, सुरुवातीलाच 'मी मेहनती, पॅशनेट आणि टीम प्लेअर आहे', मग पाहुणचाराची आवड लहानपणापासून कशी होती ते, मग चार डिपार्टमेंटची चार परिच्छेदांत यादी. वाचून मी बाजूला ठेवलं आणि म्हटलं, लॉगबुक आणलंयस का?

लॉगबुक हे बहुतेक पोरं सही मिळवण्यापुरतं भरतात, रोज तेच ते, 'आज बारा रूम केल्या, सुपरवायझरने शिकवलं' वगैरे. हिचं पण तसंच होतं, पण मध्ये मध्ये रविवारच्या पानांवर एक ओळ सारखी येत होती: 'बाथ टॉवेल शॉर्ट, लिनन रूमला फोन.' म्हटलं हे काय आहे? तर म्हणाली, काही नाही मॅडम, ते नेहमीचंच होतं तिकडे. मी म्हटलं, नेहमीचं होतं ना, मग तेच सांग, आणि मराठीत सांग, इंग्रजी नंतर बघू.

मग तिने जे सांगितलं ते असं. वीकेंडला रिसॉर्ट भरलेलं, रविवारी सकाळी एकदम चेकआउट. पूल टॉवेल वेगळे असतात तरी गेस्ट रूममधले बाथ टॉवेलच बीचवर घेऊन जाणार, त्यामुळे वाळूने भरलेले टॉवेल दुप्पट धुवायला जाणार आणि लॉन्ड्रीतून परत यायला दुपार. इकडे दोन वाजता नवीन गेस्ट लॉबीत उभे. रूम स्वच्छ झाली, बेड लागला, बाथरूम झालं, फक्त टॉवेल नाहीत म्हणून सुपरवायझर इन्स्पेक्ट करून रूम फ्रंट ऑफिसला सोडू शकत नाही. सिस्टीममध्ये ती रूम अजून डर्टीच दिसतेय आणि फ्रंट ऑफिसचे फोनवर फोन.

इथपर्यंत कुठल्याही ट्रेनीला दिसलं असतं. पण तिच्या लक्षात आलं की टॉवेल हॉटेलात कमी नाहीतच. त्यांच्या फ्लोअरला शॉर्ट असायचे तेव्हा दोन मजले वरच्या पॅन्ट्रीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात घड्या करून ठेवलेले असायचे, कारण रविवारी शॉर्ट पडतात हे तिथल्या रूम अटेंडंट दादांना पण माहीत होतं आणि ते शनिवारपासूनच आपापले लपवून ठेवायचे. म्हणजे साठवल्यामुळे टंचाई आणि टंचाईमुळे साठवणं. हिने फ्लोअर सुपरवायझरला विचारून दोन रविवार सकाळी सगळ्या पॅन्ट्रीतले बाथ टॉवेल मोजले, साध्या वहीच्या कागदावर तक्ता केला आणि दिला. कोणाचं नाव न घालता, हे महत्त्वाचं, नाहीतर ट्रेनीचं तिथे जगणं मुश्कील होतं. सुपरवायझरने मग शनिवारी नाइट शिफ्टला पॅन्ट्री समान भरून दारावर काउंट शीट लावायला सुरुवात केली.

आणि ही मुलगी मला म्हणते, मी नुसते टॉवेल मोजले!

हाउसकीपिंगमधल्या माणसाला विचार, पार स्टॉक म्हणजे काय. एक सेट रूममध्ये, एक पॅन्ट्रीत, एक लॉन्ड्रीत, एक लिनन रूममध्ये, असे एका रूममागे चार-पाच सेट फिरत असतात, आणि त्यातला एक जरी कुठे अडकला तरी साखळी तुटते. हिने तो अडकलेला सेट शोधला होता. पुस्तकात पार स्टॉकची व्याख्या लिहून मार्क मिळवणारे खूप, तो जमिनीवर कुठे गळतो ते पाहणारी ही, लेटर याच्यावरच उभं राहायला हवं होतं.

आता लिहिताना गंमत झाली. दुसऱ्या दिवशी ती नवीन ड्राफ्ट घेऊन आली, त्यात लिहिलेलं, 'माझ्या उपक्रमामुळे टॉवेलची टंचाई 40 टक्क्यांनी कमी झाली.' कुठल्यातरी सीनिअरने सांगितलं होतं की आकडा टाकला की इम्प्रेशन पडतं. मी विचारलं, कशाचे 40 टक्के? आधी किती कमी पडायचे, नंतर किती? गप्प. पॅनेलवर एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर असेल तर तिचा पहिला प्रश्न हाच असणार आणि तिथे गप्प बसलं की बाकी खरं असलेलं पण खोटं वाटायला लागतं. आकडा हवाच, पण जो तू स्वतः मोजलास तोच. किती मजल्यांच्या पॅन्ट्री मोजल्या, किती रविवार, हे तिला माहीत होतं. आणि परिणाम म्हणून तिने डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच. शेवटी ठरलेला परिच्छेद मराठीत सांगायचा तर साधारण असा होता:

"हाउसकीपिंगमध्ये असताना रविवारी चेकआउटच्या वेळी आमच्या मजल्यावर बाथ टॉवेल कमी पडत आणि तयार रूम इन्स्पेक्शनसाठी थांबून राहत. फ्लोअर सुपरवायझरच्या परवानगीने मी सलग दोन रविवार पाचही मजल्यांच्या पॅन्ट्रीतला साठा मोजला. एकूण साठा पुरेसा होता, वाटप असमान होतं. माझा तक्ता पाहून सुपरवायझरनी शनिवारी रात्री पॅन्ट्री भरून काउंट शीट लावण्याची पद्धत सुरू केली. त्यानंतर माझी पोस्टिंग संपेपर्यंतच्या रविवारी आमच्या मजल्यावरून लिनन रूमला टॉवेलसाठी फोन करावा लागला नाही."

यात 'मी' कुठे आहे आणि 'सुपरवायझरनी' कुठे आहे ते नीट बघ. मोजलं मी, पद्धत लावली त्यांनी. ट्रेनीने हॉटेलची सिस्टीम बदलली असं लिहिलंस तर वाचणारा हसेल, कारण ट्रेनीला तेवढा अधिकारच नसतो. दुसरं, यात हॉटेलची तक्रार नाही. 'मॅनेजमेंट ढिसाळ होतं' हा सूर आला की संपलं, उद्या हा आमच्याबद्दल पण असंच लिहील असं त्यांना वाटतं. ऑक्युपन्सीचे आतले आकडे, गेस्टची नावं, कोण सेलिब्रिटी उतरला होता, यातलं काहीही लेटरमध्ये नको, त्या धंद्यात गुप्तता म्हणजे अर्धी लायकी.

बाकी तीन डिपार्टमेंटचं काय केलं म्हणशील तर एका वाक्यात गुंडाळली. फक्त फ्रंट ऑफिसचं एक वाक्य ठेवलं कारण ते याच गोष्टीला जोडलेलं होतं, डेस्कवर असताना तिने थांबलेल्या गेस्टची चिडचिड दुसऱ्या बाजूने पाहिली होती. त्यामुळे 'हाउसकीपिंगच का' याचं उत्तर आपोआप मिळालं. कुठल्याही डिपार्टमेंटमध्ये काम करायची तयारी आहे असं लिहिणं नम्रपणाचं वाटतं, पण जिथे अर्जातच डिपार्टमेंट निवडायला लावतात तिथे त्याचा अर्थ अजून ठरलेलं नाही असाच घेतला जातो.

आता तुझं, कटलरी पुसली म्हणालीस ना. कुठे पुसलीस? बँक्वेटला असशील तर फंक्शन सुरू व्हायच्या किती आधी कटलरी पुसून साइड स्टेशनला पोचायला हवी होती आणि कधी पोचली नाही, तर का? स्टुअर्डिंगकडून उशिरा आली, की कव्हर्स ऐनवेळी वाढले, की मोजून घेतलीच नव्हती? कांदे चिरलेस तर रोज किती किलो चिरून शेवटी किती फेकले जायचे, ते कोणी बघत होतं का? असं एक तरी तुला आठवेल, लॉगबुक काढ आणि जी ओळ परत परत आलीय तिथे बोट ठेव. अगदीच काही सापडलं नाही तर बनवू नकोस, एखादी अवघड शिफ्ट जशी झाली तशी लिही, तेही चालतं, फक्त जोर थोडा कमी पडतो.

लेटर एका पानाच्या वर नको. सर्टिफिकेटवर आणि अप्रेझल फॉर्मवर जी तारीख आणि डिपार्टमेंट आहे तीच लेटरमध्ये, आठवड्याचाही फरक नको, कारण ते ताडून बघतात. सुपरवायझरचं नाव रेफरन्स म्हणून टाकायचं असेल तर आधी फोन करून विचार. शेवटच्या परिच्छेदात कुठल्याही शहरात पोस्टिंग चालेल का आणि कधीपासून जॉइन होऊ शकतेस एवढंच, आणि एकच मजकूर चार चेनला पाठवणार असशील तर वरचं हॉटेलचं नाव बदललंय ना ते दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घे, ही चूक मी इतक्यांदा पाहिलीय की आता हसूही येत नाही.

त्या मुलीला पॅनेलने टॉवेलवरच धरलं. साठा पुरेसा होता हे कशावरून ठरवलंस, रूममधले आणि लॉन्ड्रीतले धरलेस का, असं विचारलं. तिने सरळ सांगितलं की लॉन्ड्रीतले मला मोजता आले नाहीत, लिनन रूमच्या रजिस्टरवरून घेतले. पहिल्या चेनमध्ये फायनल राउंडला बाहेर पडली, दुसरीत सिलेक्शन झालं.